आईची संध्याकाळ सकाळीच ठरते

साडेपाच वाजत आले की माझी आई कपाटातून दोन साड्या आणि एक टॉवेल काढते, कापडी पिशवीत भरते आणि दाराशी येऊन उभी राहते. "चल, मला घरी सोड. उशीर झालाय, आई रागवेल." आई 78 वर्षांची आहे. तिची आई, म्हणजे माझी आजी, जाऊन तीस वर्षं उलटली. मिरजेचं जे घर तिला हवं असतं ते विकून झालं, तिथे आता इमारत आहे. आणि डोंबिवलीतल्या ज्या घराच्या दारात ती पिशवी घेऊन उभी असते, तिथे ती सहा वर्षं राहते आहे.

अल्झायमरचं निदान होऊन चार वर्षं झाली. पहिलं वर्षभर मी तिला समजावत राहिले. "अगं आई, हेच तुझं घर. आजी कधीच गेली गं." प्रत्येक वेळी तिच्यासाठी आजी त्या क्षणी गेलेली असायची. ती रडायची, मग चिडायची, मग दाराची कडी ओढायला लागायची. आठ वाजेपर्यंत घरात कुणाला धड जेवता यायचं नाही. साडेपाचची ही गोष्ट साडेपाचला सुरू होत नाही, हे कळायला मला वर्ष लागलं. ती सकाळी सुरू होते, कधीकधी आदल्या रात्रीच. ज्यांच्या घरी अशी संध्याकाळ होते त्यांना उपयोगी पडेल म्हणून आमच्या घरी काय काय बदललं आणि का, ते सविस्तर लिहिते आहे.

संध्याकाळीच का?

डिमेन्शिया हे एका आजाराचं नाव नाही. मेंदूच्या पेशी निकामी होत गेल्यामुळे आठवण, भाषा, अंदाज, निर्णय यांवर परिणाम होतो आणि माणसाला रोजचे व्यवहार एकट्याने जमेनासे होतात, त्या अवस्थेला डिमेन्शिया म्हणतात. ती आणणारे आजार अनेक आहेत आणि त्यात अल्झायमर सगळ्यात जास्त आढळतो. 2023 साली प्रसिद्ध झालेल्या एका देशव्यापी पाहणीच्या अंदाजानुसार भारतात साठी ओलांडलेल्या सुमारे 88 लाख लोकांना डिमेन्शिया आहे, म्हणजे साधारण तेरा-चौदा वृद्धांमागे एकाला. त्यातले बहुतेक जण घरीच असतात, लेकी-सुना-मुलांच्या हाताखाली.

अल्झायमर मेंदूच्या ज्या भागांना सुरुवातीलाच गाठतो त्यांत हिप्पोकॅम्पस नावाचा एक छोटासा भाग आहे. नवीन आठवणींची नोंद तिथे होते. म्हणून आई डोंबिवलीचं घर "विसरली" असं म्हणणं तितकंसं बरोबर नाही. इथली बरीचशी वर्षं तिच्या मेंदूत नीट लिहिलीच गेली नाहीत. मिरजेचं अंगण, तुळस, विहिरीचा रहाट मात्र फार पूर्वी पक्का लिहिला गेलाय, तो शिल्लक आहे. मग "घर" म्हटल्यावर तिला तेच आठवणार. आणखी एक गोष्ट सांभाळणाऱ्याने लक्षात ठेवायला हवी: प्रसंग पुसला जातो, पण त्या प्रसंगाने मनात उमटलेली भावना लगेच पुसली जात नाही. मी दुपारी तिच्यावर आवाज चढवला तर तासाभराने तिला माझे शब्द आठवत नाहीत, पण ती घाबरलेली, रुसलेली असते आणि का ते तिलाही सांगता येत नाही.

आता संध्याकाळ. आपल्या मेंदूत खोलवर पेशींचा एक बारीकसा पुंजका असतो, तो शरीराचं घड्याळ चालवतो. डोळ्यांवाटे येणाऱ्या उजेडावर तो रोज ते घड्याळ लावून घेतो. अल्झायमरमध्ये या पुंजक्याचीही झीज होते. शिवाय वयाबरोबर डोळ्यातलं भिंग पिवळट होत जातं, मोतीबिंदू असतो, त्यामुळे आत पोचणारा उजेडच कमी. आणि आपण काय करतो? म्हाताऱ्या माणसाला हॉलच्या कोपऱ्यातल्या खुर्चीत दिवसभर बसवतो, जिथे दुपारीसुद्धा मिणमिणता उजेड असतो. दिवस आणि रात्र यातला फरक मग शरीराला कळेनासा होतो.

त्यात दिवसभराचा थकवा असतो. आपल्याला जे सहज कळतं, म्हणजे समोर कोण आलं, ही खोली कुणाची, या डब्यात काय, ते कळून घ्यायला तिच्या मेंदूला कष्ट पडतात. पाच वाजेपर्यंत ती शक्ती संपलेली असते. नेमकी तेव्हाच घरात वर्दळ वाढते. मुलं क्लासहून येतात, कुकरच्या शिट्ट्या सुरू होतात, टीव्हीवर मालिकेतलं भांडण लागतं. खिडकीच्या काचेत आपलीच आकृती दिसते आणि तिला वाटतं बाहेर कुणी बाई उभी आहे. आणि आमच्या आईच्या बाबतीत एक जास्तीचं कारण होतं, ते माझ्या नवऱ्याच्या लक्षात आलं. ती जिल्हा परिषदेच्या शाळेत 34 वर्षं शिक्षिका होती. "आई शाळा सुटल्यावर घरी जायला निघतात," तो म्हणाला. त्या दिवसापासून मला तिच्या पिशवीचा राग येईनासा झाला.

दोन आठवड्यांची वही

डॉक्टरांनी औषध वाढवण्याआधी एक काम सांगितलं. दोन आठवडे रोज संध्याकाळ लिहून ठेवा, म्हणाले. किती वाजता अस्वस्थपणा सुरू झाला, त्याआधीच्या अर्ध्या तासात घरात काय चाललं होतं, दुपारी किती झोप झाली, पोट साफ झालं का, पाणी किती गेलं, आणि शेवटी ती कशाने शांत झाली. मी शाळकरी वही घेतली, आडवी धरून रकाने आखले.

चौदा दिवसांतल्या नऊ संध्याकाळी वाईट गेल्या होत्या. त्या नऊपैकी सहा दिवशी आई दुपारी चारच्या पुढे झोपली होती. चार दिवशी तिला दोन-तीन दिवस शौचाला झालेलं नव्हतं. आणि जवळजवळ प्रत्येक वाईट दिवशी सकाळी अंघोळीवरून भांडण झालं होतं. हे सगळं माझ्या डोळ्यांसमोरच घडत होतं, पण लिहिल्याशिवाय मला त्यातलं काहीच दिसलं नव्हतं. मला वाटायचं हे रोजच होतं आणि उगीचच होतं.

वहीतून आणखी एक गोष्ट कळली, ती सगळ्यात उपयोगी पडली. आईला सांभाळायला येणाऱ्या मावशी सकाळी नऊ ते तीन असायच्या. म्हणजे आई ज्या वेळात सगळ्यात शांत असते त्या वेळात घरात दोन बायका, आणि ती ज्या वेळात बिथरते तेव्हा मी एकटी, तीही स्वयंपाकाच्या गडबडीत. आम्ही मावशींशी बोललो आणि त्यांची वेळ बारा ते साडेसात केली. लोकलच्या गर्दीचा त्यांना त्रास होणार होता, म्हणून पगारात थोडी भर घातली. पैसे तितकेच असतील तर मदत कमी तासांची घ्या, पण अवघड तासांची घ्या, असं मी आता सगळ्यांना सांगते.

बदललेला दिवस

सकाळी सातला आई आणि मी गच्चीवर जातो. अर्धा-पाऊण तास उजेडात बसणं एवढंच काम. ऊन अंगावर घ्यायलाच हवं असं नाही, मोकळ्या आकाशाचा उजेड डोळ्यांपर्यंत पोचायला हवा. पावसाळ्यात गच्ची बंद होते तेव्हा खिडकीला खुर्ची लावून बसवते, ढगाळ दिवसाचा उजेडही हॉलमधल्या दिव्यापेक्षा पुष्कळ जास्त असतो. तिची अल्झायमरवरची डोनेपेझिल ही गोळी पूर्वी रात्री असायची. तिला भयंकर स्वप्नं पडायची, ओरडून उठायची. या गोळीने काहींना असं होतं, हे डॉक्टरांना विचारल्यावर कळलं आणि त्यांनी ती सकाळी न्याहारीनंतर घ्यायला सांगितली. रात्रीची झोप सुधारली. गोळीची वेळ आपल्या मनाने बदलू नये, पण रात्री काय होतं ते सांगायला विसरूही नये.

जेवण साडेबाराला. इथे एक छोटी गोष्ट. आई वरणभात अर्धवट टाकायची, दहीभात तर तसाच राहायचा. आम्हाला वाटलं तिची भूक गेली. मावशींनी एकदा तोच दहीभात हिरव्या प्लॅस्टिकच्या ताटलीत दिला आणि तिने तो पुसून खाल्ला. स्टीलच्या चकचकीत ताटलीत पांढरा भात तिला दिसतच नव्हता. डोळे ठीक असले तरी मेंदूला रंगातला बारीक फरक ओळखता येत नाही. तेव्हापासून भात हिरव्या ताटलीत आणि पालकाची भाजी पांढऱ्या वाटीत.

जेवणानंतर ती पलंगावर न झोपता आरामखुर्चीत टेकते. दीडला टेकली की सव्वादोनला आम्ही तिला हळूच उठवतो. पलंगावर गेली की दोन तासांची निश्चिती. तीनला बाथरूमला नेऊन आणायचं, मग एखादं केळं किंवा पपईची फोड आणि भरपूर पाणी. तिला तहान लागते पण ती तहान आहे हे कळत नाही, म्हणून "पाणी हवंय का?" असं विचारायचं नाही, पेला हातात द्यायचा. दुपारपर्यंत पाणी पुष्कळ द्यायचं आणि सातनंतर कमी, म्हणजे रात्री उठावं लागत नाही. चारचा चहा मी बंद केला नाही, तो बंद करणं म्हणजे आईचा आधारच काढून घेणं. फक्त पावडर निम्मी घालते, आलं जास्त.

चहा झाला की घरातले दिवे लागतात. बाहेर उजेड असला तरी लागतात. डिसेंबरात आमच्याकडे सहाच्या सुमाराला सूर्य मावळतो आणि जुलैत ढगांमुळे साडेचारलाच अंधारून येतं. अंधार पडायला लागल्यावर दिवे लावले तर मधल्या कातरवेळेत सावल्या लांब होतात आणि ती घाबरते. पडदे ओढून घेतो, म्हणजे काचेतली ती "बाई" येत नाही. टीव्ही आठपर्यंत बंद. माझ्या मुलाने याबद्दल पहिले चार दिवस कुरकुर केली, मग तो मोबाइलवर हेडफोन लावून मॅच बघू लागला.

आणि मग साडेचारला कापसाचं पुडकं बाहेर येतं. आई वाती वळते. ती माझं नाव कधीकधी चुकते, माझ्या मुलाला दादाचं नाव देते, पण कापसाचा पेळू मांडीवर घेऊन तळहाताने एक हलका रेटा दिला की सरळ, एकसारखी वात तयार होते. हाताला पडलेल्या सवयी मेंदूच्या वेगळ्या भागांत जपलेल्या असतात आणि अल्झायमर तिथे उशिरा पोचतो. पाठ असलेलं शुभंकरोति आणि रामरक्षाही तशीच टिकलेली आहे. वाती किती लागणार? रोज दोन. आई वळते साठ-सत्तर. उरलेल्या मी शेजारणींना देते, देवळात देते, आणि ती बघत असेल तेव्हा त्या कधीही कापसात परत मिसळत नाही. मावशींनी एकदा तसं केलं तेव्हा आईने त्यांच्याकडे ज्या नजरेने पाहिलं ती मला अजून आठवते. तिला हे काम खरं वाटायला हवं. ज्यांच्या घरी वाती नाहीत तिथे मटार सोलणं, तांदूळ निवडणं, टॉवेलच्या घड्या घालणं, वडील असतील तर स्क्रू-नट वेगळे करणं, काहीही चालेल. पूर्वी हाताखालून गेलेलं काम हवं, नवीन शिकवायचं नाही.

अंघोळ

अंघोळीबद्दल थोडं वेगळं लिहायला हवं, कारण आमच्या वाईट संध्याकाळींपैकी बऱ्याच तिथे जन्मल्या होत्या. आई "झाली माझी अंघोळ" म्हणायची. मी म्हणायचे, "नाही झाली." मग हात धरून आत नेणं, ओढाताण, एकदा तिने मला चावाही घेतला.

डॉक्टरांच्या नर्सने मला बाथरूममध्ये बसून आईच्या नजरेने बघायला सांगितलं. मी बसले. काळ्या रंगाचं पायपुसणं दारात होतं, ते तिला खड्ड्यासारखं दिसत असणार, कारण खोलीचा अंदाज या आजारात बिघडतो. फरशी पांढरी, पाट पांढरा, कुठे टेकायचं ते कळत नाही. वर शॉवर, जो अचानक डोक्यावर कोसळतो. थंड हवा. आणि परक्या बाईने आपले कपडे काढणं, कारण त्या क्षणी मी तिच्यासाठी परकीच असते.

आता काळं पायपुसणं गेलं, पाटाऐवजी हाताची निळी खुर्ची आली. शॉवरऐवजी तिच्या सवयीची बादली आणि तांब्या. पाणी आधी काढून ठेवते, दार लावून वाफ कोंडते, म्हणजे आत ऊब असते. "अंघोळ" हा शब्द मी उच्चारतच नाही. "आई, पाय गरम पाण्यात ठेवू या का, बरं वाटेल," एवढंच. पहिला तांब्या पायांवर. मग गुडघे. तांब्या तिच्याच हातात देते, खांद्यांवर ती आपण होऊन ओतते. गाऊन ओला झाला की तोच तिला नकोसा होतो, मग उतरवायला भांडण होत नाही आणि लगेच खांद्यांवर मोठा पंचा येतो. डोकं वेगळ्या दिवशी, आठवड्यातून दोनदा, तेल लावायच्या निमित्ताने. एखाद्या दिवशी तिने नाहीच म्हटलं तर ओल्या फडक्याने अंग पुसून घेते आणि तो दिवस तसाच जाऊ देते. रोज अंघोळ झालीच पाहिजे हा माझा हट्ट होता, तिच्या तब्येतीची गरज नव्हती.

तरीही पिशवी भरली तर

इतकं करूनही आठवड्यातून दोन-तीनदा पिशवी भरली जाते. तेव्हा मी तिच्या आणि दाराच्या मध्ये उभी राहत नाही. बाजूला उभी राहते, पिशवी हातात घेते, "जड आहे गं, मी धरते" म्हणते. मग घराबद्दल विचारते. "मिरजेला आत्ता कोण कोण असेल? तुळशीपाशी दिवा कोण लावतं?" ती सांगायला लागते. सांगता सांगता चेहरा सैल होतो. तिला घर म्हणजे तिथली जमीन नको असते, तिथे वाटणारं निवांतपण हवं असतं, असं मला वाटतं. तरी नाहीच जमलं तर आम्ही खरंच निघतो. जिना उतरतो, सोसायटीला दोन फेऱ्या मारतो, वॉचमनकाका "काय बाई, फिरायला?" म्हणतात, आणि परत येताना मी म्हणते, "चल, आलं घर." बहुतेक वेळा ती आत येते आणि देवाजवळ जाऊन बसते.

आजीबद्दल ती विचारते तेव्हा काय सांगायचं, यावर आमच्या घरात वाद झाले. दादाचं म्हणणं खोटं बोलायचं नाही. माझं मत असं झालं आहे की "आजी गेली" हे तिला रोज नव्याने ऐकवणं हा खरेपणा नव्हे, छळ आहे. पण "आजी बाजारात गेलीय" असंही मी आपण होऊन सांगत नाही, कारण मग ती वाट बघत बसते. मी म्हणते, "आजीची आठवण येतेय का तुला? ती काय छान करायची गं?" हे खोटं नाही. आणि तिला उत्तर हवं असतं त्यापेक्षा तिच्या बोलण्यातलं दुःख कुणाला तरी कळायला हवं असतं.

दाराला आता वरच्या बाजूला दुसरी कडी आहे, जी तिच्या नजरेच्या टप्प्यात येत नाही. पण ती घरात एकटी असताना बाहेरून कुलूप आम्ही कधीच लावत नाही, आग लागली किंवा ती पडली तर काय करणार? गळ्यातल्या साखळीत नाव आणि दोन फोन नंबर कोरलेली छोटी पट्टी आहे. रिक्षास्टँडवर आणि कोपऱ्यावरच्या वाण्याला तिचा फोटो दाखवून ठेवलाय. सुरुवातीला मला हे सांगायची लाज वाटायची. एकदा ती निसटली तेव्हा वाण्यानेच तिला बाकावर बसवून मला फोन केला, आणि ती लाज संपली.

जेव्हा हे डिमेन्शिया नसतं

गेल्या वर्षी ऑगस्टमध्ये एका मंगळवारी वही बदलली. सकाळपासूनच आई गुंगीत होती. चमचा धरून ठेवायची आणि तोंडाकडे न्यायचं विसरायची. दुपारी तिला भिंतीवर मुंग्या दिसायला लागल्या, संध्याकाळी ती एकदम ताजीतवानी, रात्री पुन्हा ओळखेना. ताप नव्हता. एका नातेवाइकाने सांगितलं, आजार पुढे सरकला असेल. मी वहीतली मागची पानं चाळली. अशी एकही नोंद नव्हती.

अल्झायमर महिन्यांनी, वर्षांनी उतरतो. काही तासांत किंवा दोन-तीन दिवसांत माणूस एकदम बदलला, लक्ष लागेना, गुंगी आणि चलबिचल आळीपाळीने यायला लागली, तर त्याला डिलिरियम म्हणतात आणि त्यामागे शरीरातलं दुसरं काहीतरी असतं: जंतुसंसर्ग, शरीरातलं पाणी किंवा सोडियम कमी होणं, साखर उतरणं, तुंबलेलं पोट, कुठेतरी दुखणं जे तिला सांगता येत नाही, किंवा नवीन औषध. सर्दीच्या आणि खाजेच्या काही जुन्या गोळ्या, ज्यांनी झोप येते, त्या या लोकांना खूप गोंधळवतात. मेडिकलमधून आपल्या मनाने आणून देऊ नयेत. हे सगळं त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवायचं असतं, पुढच्या भेटीपर्यंत थांबायचं नसतं. आईला लघवीचा संसर्ग निघाला. म्हाताऱ्या माणसाला संसर्गात ताप येईलच असं नाही. औषधं सुरू झाल्यावर मुंग्या तीन दिवसांत गेल्या, पण पुरतं पूर्वीसारखं व्हायला तिला महिना लागला.

शांत करायच्या गोळ्यांबद्दल एवढंच सांगते. कधीकधी त्या लागतात. पण त्यातल्या काही औषधांनी डिमेन्शियाच्या रुग्णांत पक्षाघाताचा आणि मृत्यूचा धोका वाढतो, म्हणून कमीत कमी डोस, ठरावीक मुदत आणि कधी थांबवायचं ते डॉक्टरांना पहिल्याच दिवशी विचारायचं.

दादा

आता भावंडांबद्दल, कारण हा आजार एकट्या पेशंटचा नसतो. दादा पुण्याला असतो. रविवारी सकाळी अकराला त्याचा फोन यायचा. "कशी आहेस आई?" "मजेत रे. तू जेवलास का? सूनबाई कशी आहे?" पाच मिनिटं अगदी खणखणीत. मग तो मला म्हणायचा, "अगं, आई तर छान बोलते. तू उगीच टेन्शन घेतेस." मी फोन ठेवून रडायचे.

तो खोटं बोलत नव्हता. ओळखीच्या चार वाक्यांचं बोलणं, पाहुण्यांसमोरचं वागणं, हे सवयीने खूप दिवस टिकतं. आई ते पाच मिनिटं रेटून नेते आणि नंतर थकून जाते. डॉक्टरांच्या खोलीतही तसंच करते. म्हणून सकाळी अकराच्या फोनवरून कुणालाच काही कळणार नव्हतं. मी त्याच्याशी भांडले नाही. वहीच्या दोन आठवड्यांच्या पानांचे फोटो पाठवले आणि म्हटलं, "दादा, चार दिवस ये. पण मी घरात नसेन."

चार दिवस मी नाशिकला मैत्रिणीकडे गेले. पहिल्या रात्री अकरा तास झोपले. त्याआधी मी कधी अशी झोपले होते ते आठवेना. माझीही पाठ, माझं बीपी या चार वर्षांत बिघडलं होतं आणि मी ते डॉक्टरांना सांगितलंच नव्हतं, कारण डॉक्टरांकडे आम्ही जायचो ते आईसाठी.

त्यानंतर आमची वाटणी ठरली. दर दोन महिन्यांनी दादा चार दिवस येतो. मावशींचा पगार तो देतो. औषधं मागवणं, बँकेचं काम, डॉक्टरांच्या तारखा, हे सगळं पुण्यात बसून होतं, ते त्याच्याकडे. आईला सही करणं आणि समजणं जमत होतं तेव्हाच तिच्या संमतीने खातं दोघांच्या नावे करून घेतलं होतं, हे एक बरं झालं. उशीर झाला की ती कामं फार अवघड होतात. ज्यांना भाऊ-बहीण नाहीत किंवा असून उपयोग नाही, त्यांनी 14567 ही ज्येष्ठांसाठीची सरकारी एल्डरलाइन लावून बघावी. 1992 साली केरळमध्ये सुरू झालेल्या अल्झायमर्स अँड रिलेटेड डिसऑर्डर्स सोसायटी ऑफ इंडिया या संस्थेच्या शाखा वेगवेगळ्या शहरांत आहेत, तिथे सांभाळणाऱ्यांच्या बैठका होतात.

नाशिकहून परत आले तेव्हा वही टेबलावर होती. दादाचं अक्षर अजून शाळेतल्यासारखंच तिरकं आहे. पहिल्या दिवसाच्या रकान्यात त्याने लिहिलं होतं: "5:35. पिशवी. समजावलं. चूक. 8:10 पर्यंत." चौथ्या दिवशी: "दुपारी 40 मिनिटं झोप. वाती 52. 5:50 पिशवी. मिरजेच्या विहिरीबद्दल विचारलं. मला माहीत नव्हतं की आई पोहायची. 6:15 शांत." खाली आणखी एक ओळ होती, रकान्याच्या बाहेर, वेगळ्या पेनने: "साड्या परत कपाटात ठेवल्या. ती बघत नसताना."